छोटी चण, नाजूक चेहरा: केस किती लांब, किती फुगीर

प्रश्न: माझी उंची 4 फूट 10 इंच आहे, चण बारीक आणि नाक, डोळे, जिवणी सगळंच छोटं. केस मात्र कमरेच्या खाली, दाट आणि थोडे लाटांचे. घरचे म्हणतात, केस मोकळे सोडले की तू दिसतच नाहीस, नुसते केस दिसतात. मागच्या वर्षी इंदूरलाच एका पार्लरमध्ये 'व्हॉल्यूम आला की उंच दिसाल' असं सांगून स्टेप कट करून दिला, तर डोकंच मोठं दिसायला लागलं. आता ते वाढलेत. नक्की किती लांबी ठेवू आणि किती फुगीर ठेवू? डिसेंबरात दिराचं लग्न आहे, तेव्हा अंबाडा यायला हवा.

उत्तर: ताई, पार्लरच्या खुर्चीत बसलं की अंगावर कापड येतं आणि गळ्याखालचं सगळं शरीर झाकलं जातं. समोरच्या आरशात उरतो फक्त चेहरा. कापणारीही चेहराच बघते आणि त्याला शोभेल असं काहीतरी करते. बऱ्याच जणींचं त्याने भागतं. तुमच्या चणीच्या बाईचं तिथेच बिनसतं, कारण तुमचे केस चेहऱ्याच्या नव्हे, पूर्ण अंगाच्या मापात बसायला हवेत. मी गेली 24 वर्षं इंदुरात हे काम करते आहे. बुटक्या, बारीक अंगाची बाई आली की कापड घालायच्या आधी मी तिला चपला काढून पूर्ण उंचीच्या आरशासमोर उभी करते, आणि स्वतः आठ-दहा फूट मागे जाऊन बघते. निम्मा निर्णय तिथेच होतो.

तुमचं डोकं मोठं का दिसलं, ते आधी सांगते, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. उंचीत माणसामाणसात जेवढा फरक असतो, तेवढा डोक्याच्या मापात नसतो. साडेपाच फुटांच्या बाईचं डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण साडेआठ इंच धरलं, तर तुमचं काही सात इंच होत नाही, आठच्या आसपासच राहतं. आता भागाकार करा. 66 इंचांच्या बाईच्या उंचीत तिचं डोकं पावणेआठ वेळा बसतं. तुमच्या 58 इंचांत तुमचं डोकं सव्वासात वेळा. इथपर्यंत दोन्ही ठीक आहे, चित्रकलेच्या वर्गातही मोठ्या माणसाची उंची सुमारे साडेसात डोकी धरायला शिकवतात.

मग टाळूवर दीड इंचाचा फुगा आला. उंच बाईचं डोकं दिसायला दहा इंचांचं झालं, उंची साडेसदुसष्ट. तरी पावणेसात डोकी राहिली. तुमचं डोकं साडेनऊ इंचांचं झालं, उंची साडेएकोणसाठ, आणि हिशेब आला सव्वासहावर. सहा डोकी हे प्रमाण पाच-सहा वर्षांच्या मुलाचं असतं. बघणारा भागाकार करत नाही, पण त्याच्या नजरेला ते कळतं. म्हणून टाळूवर फुगा आला की तुम्ही दीड इंच उंच झाला नाहीत, उलट अंग लहान झालं. 'व्हॉल्यूम आला की उंच दिसाल' हे वाक्य मी स्वतः सुरुवातीची पाच-सहा वर्षं ग्राहकांना सांगितलं आहे. एका मुलीच्या साखरपुड्याला मी तिचे केस असेच वर चढवले होते. त्या फोटोंत ती मोठ्या बहिणीचे कपडे घातलेल्या पोरीसारखी दिसते. तेव्हापासून मी मोजायला लागले.

तेव्हा लांबीच्या आधी फुगीरपणा ठरवायचा. केस तीन जागी फुगतात: टाळूवर, कानशिलापासून जबड्यापर्यंत, आणि टोकांशी. तिन्हीचं काम वेगळं आहे.

टाळूवर तुम्हाला अर्धा इंच उठाव पुरे, म्हणजे करंगळीच्या जाडीइतका. अगदी चपटे केसही नकोत. चपट्या केसांत भांगाची पांढरी रेघ रुंद दिसते आणि नाजूक चेहरा थकलेला वाटतो. हा अर्धा इंच कापून आणायचा नसतो, वाळवताना येतो. केस ओलसर असताना ज्या बाजूला भांग पडतो त्याच्या उलट बाजूला मुळं वळवून वाळवा, आणि पूर्ण सुकल्यावर भांग जागेवर आणा. मुळांना आलेली ती उलटी सवयच त्यांना थोडं उचलून धरते. स्कूटीवर हेल्मेट घालत असाल तर हा उठाव ऑफिसात पोचेपर्यंत बसतोच. पोचल्यावर मान खाली घालून बोटांच्या टोकांनी मुळं दोनदा हलवली की तो परत येतो. पाठीमागून कंगवा उलटा मारून गुंता करू नका. दाट केसांना त्याची गरज नाही, आणि त्यानेच फुगा होतो.

कानशिलाचा फुगीरपणा तुमच्यासाठी सगळ्यात घातक आहे, आणि याच्याबद्दल कुणी बोलत नाही. फोनने एक फोटो काढून घ्या. फोन तुमच्या बेंबीच्या उंचीवर धरायला सांगा आणि काढणाऱ्याला नऊ-दहा फूट लांब उभं करा. वरून काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय आखूड येतात, आणि हातभर अंतरावरच्या सेल्फीत नाक मोठं दिसतं, त्यामुळे तसले फोटो या कामाचे नाहीत. फोटो मोठा करून गालाच्या सगळ्यात रुंद भागापाशी चेहऱ्याची रुंदी पट्टीने मोजा. मग त्याच उंचीवर दोन्ही बाजूंचे केस धरून एकूण रुंदी मोजा. माझ्या अनुभवात केसांसकट रुंदी चेहऱ्याच्या दीडपटीपर्यंत असली तर नजर चेहऱ्यावर टिकते. दुपटीच्या जवळ गेली की छोटं नाक, छोटी जिवणी त्यात हरवतात. तुमच्या घरचे 'तू दिसतच नाहीस' म्हणतात ते याचंच वर्णन आहे, आणि ते अगदी बरोबर बघत आहेत. मोठ्या नाकाडोळ्यांच्या बाईला दुप्पट रुंदी पेलते, कारण तिच्या चेहऱ्यावरच्या रेषा ठळक असतात. तुमच्या रेषा बारीक आहेत, त्यांच्या शेजारी शांतता हवी.

टोकांशी मात्र तुम्हाला थोडा भरीवपणा हवा. टोकं विरळ झाली की नाजूक अंगावर केस अर्धवट तुटल्यासारखे दिसतात. तेव्हा वर हलका उठाव, बाजूंना आवर आणि खाली भरीव पण बारीक कड, असा तुमचा आकार आहे. स्टेप कटने याच्या बरोबर उलटं केलं: वर फुगा, बाजूंना पसारा आणि खाली शेपटीसारखी टोकं.

आता लांबी. घरात शिवणाची टेप असेल तर हनुवटीपासून बेंबीपर्यंत सरळ अंतर मोजा. तुमच्या उंचीला ते 15 इंचांच्या आसपास येईल. मोकळ्या केसांची टोकं या अंतराच्या वरच्या अर्ध्यात संपायला हवीत, म्हणजे तुमच्यासाठी हनुवटीच्या खाली साधारण अडीच ते साडेसात इंचांच्या मध्ये. शरीरावर बघायचं तर गळ्याच्या हाडांपासून काखेच्या रेषेपर्यंत. हे पुस्तकातलं माप नाही. एवढ्या वर्षांत ज्या बायका 'आता छान वाटतं' म्हणून परत आल्या, त्यांची टोकं बहुतेक या पट्ट्यात होती, त्यावरून मी ते धरलं. कारणही सरळ आहे. काळे दाट केस म्हणजे काळा कपडा. तो कमरेखाली गेला की समोरून दंडांच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतात आणि आधीच लहान असलेल्या धडातली निम्मी जागा ते खातात. काखेच्या वर कड थांबली की खाली छाती, कंबर, पाय असं अंग सलग दिसतं आणि उंचीचा अंदाज त्या सलगपणावरून येतो.

या पट्ट्यातही एक जागा टाळा: बरोबर खांद्यावर. खांद्याला टेकलेली टोकं बाहेर वळतात. सरळ केसांची वळतात, तुमच्या लाटांची तर हमखास. मग जबड्यापाशी नको असलेली रुंदी खांद्यापाशी येते, आणि बारीक खांदे त्याखाली आणखी बारीक दिसतात. एक तर गळ्याच्या हाडाच्या दीड इंच खाली जा, किंवा खांद्याच्या दोन इंच वर थांबा. मान आखूड असेल तर खालचाच पर्याय धरा. मान लांब असेल तर वरचाही शोभतो, पण तुम्हाला डिसेंबरात अंबाडा हवा आहे, म्हणून तुमच्यासाठी तो प्रश्न मिटलाच.

माप ठरलं तरी कात्री लगेच तिथे लावायची नाही. लाटांचे केस ओले असताना लांब दिसतात आणि सुकले की वर चढतात. किती चढतात ते प्रत्येकीचं वेगळं. मानेजवळची एक बट ओली करून ताणा, टोक कुठे येतं ते कपड्यावर खडूने खूण करा, ती सुकू द्या आणि आता टोक कुठे आहे ते बघा. दीड इंचाचा फरक आला तर ओले केस ठरलेल्या रेषेच्या दीड इंच खाली कापायचे. ही चाचणी करायला दहा मिनिटं लागतात आणि बहुतेक ठिकाणी ती होत नाही. 'मी तर जरासेच सांगितले होते' ही तक्रार निम्म्या वेळा इथूनच येते. कापणारीने खरंच जरासेच कापलेले असतात, उरलेलं अंतर केसांनी स्वतः कापलेलं असतं. तुम्ही पार्लरमध्ये जाल तेव्हा ही चाचणी मागून घ्या.

एका बाईचं उदाहरण सविस्तर सांगते, म्हणजे सगळं जागेवर बसेल. रामबागेकडच्या शाळेत शिकवणारी, उंची 4 फूट 9 इंच, वय पस्तिशीचं. केस कमरेच्या खाली, पोत तुमच्यासारखाच. पोनीटेल बांधून तिचा घेर टेपने मोजला तर साडेचार इंच. चार इंचांच्या वर घेर गेला की मी केस दाट धरते. चेहरा गव्हाच्या दाण्यासारखा लांबट, नाकडोळे छोटे, चष्मा. ती रोज वेणी घालायची, आणि मोकळे सोडायचे म्हटलं की तिला अवघडल्यासारखं व्हायचं. फोटोत मोजलं तेव्हा चेहऱ्याची रुंदी एक धरली तर केसांसकट सव्वादोन आली. हनुवटी ते बेंबी 14 इंच, म्हणजे कड हनुवटीच्या सात इंच खाली थांबायला हवी. सुकल्यावर केस दीड इंच चढत होते.

पहिल्या दिवशी मी कड त्या सात इंचांवर नेलीच नाही. केसांचे चार भाग करून चार रबर लावले आणि प्रत्येक शेपटी ठरलेल्या रेषेच्या तीन इंच खाली कोरडीच कापली. हातात आलेल्या शेपट्या 12 इंचांहून लांब होत्या, तिने त्या विगसाठी द्यायला जपून ठेवल्या. त्या दिवशी आकार दिला नाही, फक्त कड सरळ केली. इतके वर्षं कमरेखाली केस असलेल्या बाईला मानेवरचं ओझं कमी झालं की आधी डोकं हलकं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी रडू येतं. म्हणून मध्ये दोन आठवडे सोडते. त्या दोन आठवड्यांत तिने केस घरी धुतले, स्वतः वाळवले, आणि मला दिसलं की सरळ कडेमुळे खाली त्रिकोण झाला आहे: वर चपटं, जबड्याखाली पसारा.

दुसऱ्या वेळी खरं काम झालं. लाटांच्या दाट केसांची एकाच लांबीची कड ठेवली तर सगळं वजन खाली साठतं आणि त्रिकोण होतो. थर जास्त घेतले तर वरचे आखूड केस वजनाअभावी उभे राहतात आणि छत्री होते. तुमचं झालं ते छत्रीचं प्रकरण. मधला रस्ता असा की थर घ्यायचे, पण लांब. बट डोक्यापासून आडवी सरळ न धरता तिरकी, म्हणजे जमिनीकडे लोंबणारी आणि आडवी यांच्या बरोबर मध्ये, 45 अंशांवर धरून कापायची. तिच्या डोक्यावरची सगळ्यात आखूड बट मी हनुवटीच्या एक इंच खाली ठेवली. छोट्या चणीला यापेक्षा आखूड थर मी देत नाही. बट ओठांच्या वर गेली की ती गालाशी फुगणार, आणि तिथेच आपल्याला रुंदी नको आहे.

मग दाटपणा. कानामागचा भाग आणि मानेवरचा आतला भाग, या दोन जागी बायकांच्या केसांचं सगळ्यात जास्त वजन असतं आणि वरून ते दिसत नाही. वरचे केस क्लिपने वर घेतले आणि आतल्या बटा टोकाकडून कात्री उभी धरून खाचाखाचांनी हलक्या केल्या, मुळापासून निदान चार इंच सोडून. थिनिंगची कात्री मुळाजवळ चालवली की दाटपणा त्या दिवशी झटकन कमी होतो. ग्राहक खूश होऊन जाते. सहा-आठ आठवड्यांनी ते कापलेले तुकडे इंचभर वाढून ताठ उभे राहतात, वरच्या केसांना बाहेर ढकलतात आणि पावसाळी हवेत तर डोक्याभोवती कापूस झाल्यासारखं दिसतं. तुमच्या मागच्या कटमध्ये असं झालं असेल तर ओळखायची खूण सोपी आहे. कानामागची बट उचलून उजेडात धरा. मुळाजवळ दोन-तीन इंचांचे पुष्कळ आखूड केस एकाच उंचीवर संपताना दिसले, तर ते थिनिंगचे आहेत. ते वाढायला वेळ द्यावा लागतो, पुन्हा थिनिंग करून ते सुटत नाही. केस महिन्याला सुमारे अर्धा इंच वाढतात, त्यामुळे वर्षभरात ते सहा इंच पुढे जातील आणि वजनाने खाली बसतील.

काम संपल्यावर त्या बाईंना परत उभं करून फोटो काढला. रुंदी सव्वादोनवरून दीडच्या किंचित वर आली. उंची तितकीच होती आणि उंच दिसल्याचं मी म्हणणार नाही. पण आरशात पहिल्यांदा चष्मा आणि डोळे दिसले, केस नंतर. तीन दिवसांनी तिचा फोन आला, डावी बाजू बाहेर वळते म्हणून. विचारलं तर शाळेची पिशवी रोज डाव्या खांद्यावर, पट्टा केसांवरून. पिशवी अडकवताना केस पट्ट्याखालून बाहेर काढायचे एवढंच सांगितलं आणि ती तक्रार मिटली. तिसऱ्या महिन्यात कड दीड इंच खाली उतरली, तेव्हा ती 'पुन्हा जड वाटतंय' म्हणत स्वतःच आली. तुम्हालाही दहा-बारा आठवड्यांनी कड सावरावी लागेल, त्याहून लवकर नाही.

समोरच्या झुलपांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पार्लरमध्ये कुणीतरी सुचवणारच, म्हणून सांगून ठेवते. चेहऱ्याचे तीन भाग असतात: केसांच्या रेषेपासून भुवया, भुवयांपासून नाकाचा तळ, तिथून हनुवटी. कपाळभर जाड झुलपं घेतली की वरचा भाग झाकला जातो. छोटा चेहरा तिथे एक-तृतीयांशाने कमी होतो, आणि केसांचं ओझं नेमकं भुवयांवर येतं. हवीच असतील तर भांगाच्या पुढच्या टोकाशी एक छोटा त्रिकोण घ्या, खोली केसांच्या रेषेपासून इंचभर आणि रुंदी दोन भुवयांच्या कमानींच्या आत. कपाळ मधूनमधून दिसलं पाहिजे. ती कोरड्या केसांवरच कापून घ्या, आणि कपाळाशी भोवरा असेल तर घेऊच नका, रोज सकाळी त्याच्याशी झटापट होईल.

भांग मधोमध असेल तर तो एक-दीड इंच बाजूला सरकवून बघा. अगदी कानाजवळ नेऊ नका, एका बाजूला सगळा ढीग पडतो आणि नाजूक चेहरा कलल्यासारखा दिसतो.

लाटा उठवायच्या असतील तर त्यांचंही माप चेहऱ्याशी जुळवा. कर्लिंगच्या सळईला 32 मिलिमीटरची जाडी सगळीकडे मिळते आणि सोहळ्याला तीच वापरतात. तिच्या लाटा तुमच्या गालाएवढ्या मोठ्या होतात. 25 मिलिमीटरची मागा. लाट कानाच्या पाळीच्या खालून सुरू करायला सांगा, मुळाजवळून नाही. तुमचे दागिने तुम्ही जसे बारीक घडणीचे निवडता, तसंच हे आहे. तुमच्या केसांना मुळात लाट आहे, तेव्हा रोज सळईची गरजही नाही. टॉवेलने खसाखसा पुसू नका, जुन्या सुती ओढणीत केस दाबून पाणी टिपा आणि सुकेपर्यंत कंगवा लावू नका, लाट आपोआप बांधली जाईल. घरी बोरिंगचं जड पाणी येत असेल तर त्याने केस राठ होऊन बाजूंना फुगतात. शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घेतला तरी फरक कळतो.

ज्यांची चण छोटी पण केस विरळ आणि भुरभुरीत, त्यांनी वरचं काही धरू नये. त्यांना थर नकोतच. मानेपर्यंत एकाच लांबीची ठाम कड ठेवली की केस आहेत त्यापेक्षा दाट दिसतात. बॉयकटही नाजूक चेहऱ्याला फार सुंदर दिसतो, पण दर पाच आठवड्यांनी पार्लरला यायची तयारी हवी.

आता लग्न. डिसेंबरच्या तारखेआधी पाच-सहा आठवडे मागे मोजा आणि तिथे दुसरं, आकाराचं कापणं ठेवा. पहिलं त्याच्या दोन आठवडे आधी. ताजा कट मोकळ्या केसांत चांगला दिसतो, अंबाड्यात मात्र टोकं सुटतात. महिनाभरात अर्धा इंच वाढ आली की ती आत राहतात. गळ्याच्या हाडाखाली दीड इंच लांबीतही अंबाडा येतो, काखेपर्यंत असेल तर आणखी सोपा, पण सजवणारी तुमच्या डोक्यात मोठं स्टफिंग घालायला बघेल. तिथे तिला थांबवा. अंबाड्याची रुंदी तुमच्या चेहऱ्याच्या रुंदीच्या निम्म्याहून थोडी जास्त, बस. समोरून बघताना तो मानेच्या दोन्ही बाजूंनी बाहेर दिसला तर तो मोठा आहे. जागा मानेच्या खळग्याच्या वर, कानाच्या पाळीच्या रेषेत. टाळूवर बांधलेला अंबाडा तुम्हाला पुन्हा सव्वासहा डोक्यांवर नेईल. खाली बांधलेल्याने मान मोकळी दिसते आणि साडीच्या पदराची रेघ खांद्यापासून सलग राहते.

गजरा चारपदरी घेऊ नका. मोगऱ्याचा एकच बारीक वळसा अंबाड्याच्या खालच्या अर्ध्या भागाला, समोरून कानामागे दोन-चार फुलं दिसतील एवढा. सासूबाईंना 'केस कापलेस?' असं वाटलं तर त्यांना अंबाडा आधी दाखवा, मोकळे केस नंतर. आमच्याकडे आलेल्या दोघी-तिघींनी तसं केलं आणि त्यांच्या घरी लग्न होईपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

पार्लर निवडताना तिथल्या ताईला एवढंच विचारा की कापायच्या आधी तुम्ही मला उभं करून बघाल का. ती हो म्हणाली तर टेप सोबत न्या. नाही म्हणाली किंवा हसली, तर तिथे या वेळी फक्त टोकं सरळ करून घ्या.